रेबीजची लस आधीच घेतली आहे, आणि आता कुत्रे चावले: काय बदलते, काय बदलत नाही

आधी लस घेतलेल्या माणसांच्या हातून नेमक्या उलट अशा दोन चुका होतात. काही जण चावल्यावर जखम पुसतात आणि "माझा कोर्स झालाय" म्हणून घरी बसतात. दुसरे दवाखान्यात जातात, पण कोर्स झाल्याचे सांगत नाहीत किंवा कार्ड दाखवू शकत नाहीत. मग लस कधीच न घेतलेल्या माणसाप्रमाणे त्यांच्यावर सगळे उपचार होतात, जखमेत सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनसुद्धा टोचले जाते. पहिली चूक जिवावर बेतू शकते. दुसरीत वेळ, पैसे आणि दुखणे फुकट जाते, आणि कुणा दुसऱ्याला लागणारे सीरमही वाया जाते.

आधी घेतलेली लस चावल्यानंतरचे उपचार रद्द करत नाही, ते आटोपशीर करते. जखम धुणे तसेच राहते, लसीचे दोन डोस घ्यावेच लागतात, फक्त सीरमची गरज उरत नाही. खालचे टप्पे भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांना धरून आहेत.

## १. कोर्स सुरू करण्याआधी

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा कोर्स घ्यायचा की नाही, असा पर्यायच नाही. परळला किंवा शिरवळला शिकायला गेलेल्या गोव्याच्या मुलाने प्राण्यांच्या दवाखान्यातली पहिली ड्युटी लागण्याच्या निदान महिनाभर आधी तो सुरू करावा. तीन डोसांनाच तीन ते चार आठवडे लागतात. ड्युटीच्या आदल्या दिवशी एक इंजेक्शन घेणे म्हणजे कोर्स घेणे नव्हे.

पाळीव प्राणी असलेल्या प्रत्येकाला मात्र याची गरज नसते. घरातला एक कुत्रा, त्याची लस वेळेवर, साखळीशिवाय बाहेर जाणे नाही, एवढेच असेल तर चावल्यानंतरचे उपचार पुरतात. वाड्यावरच्या भटक्या कुत्र्यांना रोज जेवण घालणारे, पावसात सापडलेली पिल्ले घरी आणणारे, रात्रभर हिंडून येणारी मांजरे सांभाळणारे आणि निर्बीजीकरणाच्या कामात कुत्री पकडणारे यांनी कोर्स जरूर घ्यावा. गोव्यात २०१७ नंतर माणसाचा रेबीजने मृत्यू झाल्याची नोंद बरीच वर्षे नव्हती आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. पण नियंत्रित म्हणजे निर्मूलन झालेले नव्हे. शेजारच्या जिल्ह्यातून येणाऱ्या कुत्र्याला पत्रादेवीचे किंवा मोलेचे चेकनाके अडवत नाहीत.

सरकारी केंद्रातला साठा मुख्यतः चावलेल्यांसाठी असतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात थेट रांगेत उभे राहण्याआधी चौकशी करा: चावण्याआधीचा कोर्स इथे देतात का, कुठल्या दिवशी देतात? नाही म्हणाले तर खासगी डॉक्टरकडे जा.

लस घेण्याआधी या गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून सांगा: प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत का (स्टेरॉइड, कर्करोगाचे उपचार), संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेता का, आणि कोणत्याही लसीची आधी तीव्र अॅलर्जी आली होती का. लस कोणत्या मार्गाने द्यायची, हे यावरून ठरू शकते.

तपासून घ्या: तुमच्या कुत्र्याला दिलेली लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन, या दोन्हींपैकी काहीही तुमचा रेबीजचा डोस म्हणून मोजले जात नाही.

## २. तीन डोस आणि त्यांच्या तारखा

दिवस ०, दिवस ७, आणि दिवस २१ किंवा २८, असे तीन डोस असतात. पहिले इंजेक्शन ज्या तारखेला घेतले तो दिवस ०. इथेच मोजणी चुकते. लोक पहिल्या डोसाला "पहिला दिवस" धरतात आणि पुढचे सगळे डोस एक दिवस आधी पडतात.

पहिला डोस ५ जूनला घेतला, तर दुसरा १२ जूनला आणि तिसरा २६ जूनला किंवा ३ जुलैला. त्याच दिवशी तिन्ही तारखा कार्डावर लिहून घ्या.

दुसऱ्या डोसाला ताप आला, परीक्षा आडवी आली किंवा पावसात रस्ता बंद झाला, तर कोर्स पहिल्यापासून सुरू करायचा नाही. राहिलेला डोस लवकरात लवकर घ्या आणि पुढची तारीख तेवढ्याच दिवसांनी पुढे ढकला. डोस लवकर घेणे मात्र टाळा. वेळ कमी आहे म्हणून तिसरा डोस चौदाव्या दिवशी घेतला, तर पुढे कार्ड बघणारा डॉक्टर तो कोर्स पूर्ण मानायला कचरू शकतो.

परदेशातून आलेले मित्र सांगतील की तिकडे दोनच डोस देतात. ते खरे आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीत दिवस ० आणि ७ असे दोनच डोस आहेत. आपल्याकडे मात्र तीन घ्या, कारण चावल्यानंतर तुमचे कार्ड वाचणारा डॉक्टर इथल्याच नियमाने वाचणार आहे.

## ३. सुई टोचली जाताना काय बघायचे

लस दोन मार्गांनी देतात. स्नायूत दिली तर अख्खी कुपी एका माणसाला जाते. कुपीत कंपनीप्रमाणे अर्धा किंवा एक मिली लस असते. त्वचेत दिली तर एका जागी ०.१ मिली. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस निघतात, म्हणून सरकारी केंद्रात बहुधा त्वचेतच देतात. खासगी दवाखान्यात एकट्यासाठी कुपी फोडायची असल्याने डॉक्टर स्नायूचा मार्ग निवडतात. दोन्ही तितकेच चालतात. शक्यतो तिन्ही डोस एकाच मार्गाने घ्या, म्हणजे नोंद सुटसुटीत राहते.

जागा: मोठ्या माणसाला दंडाच्या वरच्या भागावर, लहान बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात कधीच नाही. तिथल्या चरबीत लस अडकते आणि प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत. कुल्ल्यात इंजेक्शन घेण्याची सवय असलेले रुग्ण स्वतःच तसे सुचवतात. ते ऐकू नका.

त्वचेतल्या मार्गाची खूण डोळ्यांना दिसते. इन्शुलिनच्या बारीक सिरिंजने सुई जवळजवळ आडवी धरून टोचली, की जागच्या जागी मसुराच्या दाण्याएवढा पांढरट फुगवटा उठतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रे दिसतात. तो उठलाच नाही आणि लस सहज आत गेली, तर सुई खोल गेली. अशा वेळी जवळच्या जागेवर तोच डोस पुन्हा द्यावा लागतो. खूप ओघळ बाहेर आला तरी तसेच. विद्यार्थ्यांनी हे एकमेकांच्या दंडावर बारकाईने बघावे, उद्या तुम्हालाच कुणाला तरी समजावून सांगायचे आहे.

लस आधी पावडर असते. द्रावण करून झाल्यावर ती २ ते ८ अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत वापरायची असते. "काल फोडलेली अर्धी कुपी फ्रिजमध्ये आहे, तीच देतो" असे कुणी म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा.

टोचलेल्या जागी लाली, खाज आणि थोडे दुखणे एक-दोन दिवस राहते. बारीक तापही येऊ शकतो. तो अपेक्षितच असतो आणि त्यासाठी पुढचा डोस चुकवायचा नाही.

## ४. कार्ड: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हरवणारी गोष्ट

चावल्यानंतर छोटा उपचार मिळण्यासाठी कोर्स पूर्ण झालेला हवा आणि तो लेखी हवा. तोंडी सांगितलेल्यावर डॉक्टर विसंबत नाही, आणि त्याने विसंबूही नये.

कार्डावर एवढे असावे: तुमचे पूर्ण नाव, तिन्ही तारखा, लसीचे नाव आणि बॅच क्रमांक, स्नायूत की त्वचेत, आणि सही-शिक्का. "ए.आर.व्ही. पूर्ण", म्हणजे रेबीजची लस पूर्ण, एवढेच लिहिलेली चिठ्ठी अर्धवट आहे, कारण त्यावरून तारखाही कळत नाहीत आणि मार्गही. तिन्ही डोस झाल्यावर फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवा. गोव्यातल्या पावसात कपाटातला कागद बुरशीने खाल्लेला मिळतो, हा अनुभव प्रत्येक घरात आहे.

इशारा: घरातल्या जुन्या माणसांनी पूर्वी पोटात घेतलेली चौदा इंजेक्शने यात मोजू नका. ती मज्जातंतूंपासून बनवलेली जुनी लस होती आणि भारतात २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन बंद झाले. ती घेतलेला माणूस आजच्या हिशेबात लस न घेतलेला.

## ५. चावले: पहिली पंधरा मिनिटे

इथे आधी घेतलेल्या लसीने काहीही बदलत नाही.

जखम वाहत्या नळाखाली धरा, साबण लावा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवा. विषाणू जखमेतल्या लाळेत असतो आणि साबणाने त्याचे बाहेरचे स्निग्ध आवरण फुटते. दोन मिनिटांत धुऊन टॉवेल लावणे हे नुसते रक्त पुसणे झाले. दात खोल गेला असेल तर भोकाच्या तोंडातून पाणी आत जाऊ द्या, पण ब्रशने खरवडू नका. नळाला पाणी नसेल तर विहिरीवर, बादलीतून तांब्याने सतत ओतत राहा. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा.

तिखट, चुना, हळद, तेल, कॉफी पावडर यांतले काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत.

धुवायला उशीर झाला असला तरी धुवा. चावून आठवडा उलटला असला तरी दवाखान्यात जा, आणि चावा आजच बसला असे धरूनच उपचार घ्या.

## ६. हा चावा मोजायचा का?

- पहिला प्रकार: प्राण्याला हात लावला, खाऊ घातले, धड त्वचेवर चाटले. काही नको, हात धुवा.
- दुसरा प्रकार: उघड्या त्वचेवर नुसते दात लावले, रक्त न येता ओरखडा.
- तिसरा प्रकार: रक्त आलेला चावा किंवा ओरखडा, फाटलेल्या त्वचेवर चाटणे, डोळ्यात, तोंडात किंवा नाकात लाळ जाणे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात लस लागते. शंका असेल तर जखमेवर स्पिरिट लावून बघा. चुरचुरले तर त्वचा फुटलेली आहे.

विद्यार्थ्यांची आणि गुरे पाळणाऱ्यांची नेहमी फसगत होते ती गाईपाशी. गाय लाळ गाळते, खात नाही, घशात काहीतरी अडकले असे वाटते. माणूस हातमोजा न घालता कोपरापर्यंत हात तोंडात घालून चाचपतो. हाताला गवताचे, विळ्याचे बारीक कापलेले असतेच. पुढे ती गाय रेबीजने मरते. चावा कुठेच नाही, पण फाटलेल्या त्वचेवर लाळ लागली म्हणून हा तिसरा प्रकार. लाळ गाळणारे जनावर घास अडकल्याने गाळते हे सिद्ध होईपर्यंत लांब हातमोज्याशिवाय तोंडात हात घालू नका.

दहा दिवस प्राण्यावर नजर ठेवायचा नियम फक्त कुत्र्या-मांजरांना लागू आहे, गाय, म्हैस किंवा माकडाला नाही. आणि कुत्र्याच्या बाबतीतही "दहा दिवस बघू, मग ठरवू" असे करायचे नाही. पहिला डोस त्याच दिवशी घ्यायचा. आधी लस घेतलेल्याचे तर दोन्ही डोस दिवस ३ ला संपतात. वाट पाहण्याने काही वाचत नाही.

## ७. दोन डोस: एक उदाहरण तारखांसकट

समजा, डिचोलीची एक विद्यार्थिनी आहे, वजन ६० किलो. तिचा कोर्स ५, १२ आणि २६ जूनला खासगी दवाखान्यात स्नायूत झाला. १४ नोव्हेंबरला सुट्टीत घरी असताना वाड्यावरच्या नुकत्याच व्यालेल्या कुत्रीचे पिल्लू तिने उचलले आणि कुत्री डाव्या हाताच्या तर्जनीला चावली. दातांच्या दोन खुणा, रक्त आले. म्हणजे तिसरा प्रकार.

तिने पंधरा मिनिटे बोट धुतले आणि जवळच्या आरोग्य केंद्रात गेली. केसपेपर काढतानाच सांगायचे वाक्य असे: "माझा चावण्याआधीचा रेबीजचा कोर्स पूर्ण झालाय, हे कार्ड." हे वाक्य नर्सबाई सिरिंज भरायला लागण्याआधी बोलायचे.

तिला मिळाले ते एवढेच: १४ नोव्हेंबरला (दिवस ०) त्वचेत ०.१ मिली एका दंडावर, आणि १७ नोव्हेंबरला (दिवस ३) पुन्हा तेवढेच. आधीचा कोर्स स्नायूत झाला होता, आता केंद्रात त्वचेत देतात, मग चालेल का, असा प्रश्न तिला पडला. चालते. हे दोन डोस कोणत्याही मार्गाने देता येतात, आधीचा मार्ग कोणताही असो. सवयीने दोन्ही दंडांवर टोचले गेले तरी अपाय नाही, एकच पुरे होता इतकेच.

तिचा कोर्स झाला नसता तर? त्वचेतून दोन्ही दंडांवर ०.१ मिली, १४, १७ आणि २१ नोव्हेंबर आणि १२ डिसेंबर अशा चार खेपा. स्नायूतून घ्यायचे तर पाच. त्याशिवाय पहिल्याच दिवशी सीरम: घोड्याचे असेल तर किलोला ४० युनिट, म्हणजे २४०० युनिट. मिलीला ३०० युनिट या हिशेबाने ही मात्रा ८ मिलीपर्यंत जाते. ते जखमेत आणि जखमेभोवती भरायचे असते. बोटात तेवढे मावत नाही, म्हणून मावेल तितकेच भरतात, आणि त्या अरुंद जागेत ते भरणे अतिशय दुखते.

सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडे. नवख्या शरीराला लसीपासून स्वतःची प्रतिपिंडे बनवायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेवढ्या काळाची ती उधारी असते. कोर्स झालेल्या शरीरात स्मरणपेशी आधीच तयार असतात, डोस मिळताच त्या काही दिवसांत भरपूर प्रतिपिंडे बनवतात. उधारीची गरज उरत नाही, उलट बाहेरची प्रतिपिंडे या प्रतिसादाला थोडी मागे खेचू शकतात. पण त्या पेशींना जागवायला ते दोन डोस लागतातच.

तपासून घ्या: दिवस ३ चा डोस झाला का? बरीच माणसे पहिल्या डोसानंतर बोट बरे झाले म्हणून परत जातच नाहीत. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गरज असल्यास प्रतिजैविक यांचा निर्णय वेगळा, तोही त्याच भेटीत विचारून घ्या.

## ८. कोणाला हा छोटा मार्ग लागू नाही

कोर्स अर्धवट राहिला असेल, कागद नसेल, किंवा कोर्स चालू असतानाच चावले असेल, तर डॉक्टर तुम्हाला लस न घेतलेले धरून पूर्ण उपचार देतील. तिसऱ्या प्रकारात सीरमसकट. विशेषतः एकच डोस झालेला असताना चावले तर त्याचा काही हिशेब धरू नका.

प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर कार्ड पूर्ण असूनही पूर्ण कोर्स आणि सीरम लागते, कारण जागवायला स्मरणपेशी पुरेशा असतीलच याची खात्री नसते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हे डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका.

याच्या उलट, पूर्वी कुत्रे चावले म्हणून पूर्ण कोर्स घेतलेला आणि कार्ड जपलेला माणूसही दोन डोसांच्या मार्गाने जातो. त्याने मुद्दाम चावण्याआधीचा कोर्स घ्यायची गरज नाही.

## ९. वर्षावर्षाला बूस्टर?

कुत्र्याला दरवर्षी देतात म्हणून मालकही दरवर्षी एक इंजेक्शन टोचून घेतो. त्याची गरज नाही. पाळीव प्राणी असलेल्याने एकदा कोर्स पूर्ण केला की पुढचे डोस चावल्यावरच.

सतत प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्यकाने मात्र दर दोन वर्षांनी रक्तातली प्रतिपिंडे तपासून घ्यावीत. पातळी मिलीला ०.५ युनिटच्या खाली गेली तरच एक बूस्टर. प्रयोगशाळेत जिवंत विषाणूवर काम करणाऱ्यांना ही तपासणी सहा महिन्यांनी करावी लागते. तपासणीत पातळी चांगली आली म्हणून चावल्यानंतरचे दोन डोस चुकवायचे नाहीत.

दिवस ३ ची सुई झाली की त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला चाव्याची तारीख, प्राणी, आणि दोन्ही डोसांच्या तारखा लिहून शिक्का घ्या आणि नवा फोटो काढा. पुढचा चावा तीन महिन्यांच्या आत बसला तर नव्या डोसांची गरज आहे का हे डॉक्टर याच नोंदीवरून ठरवतील. जखम तेव्हाही पंधरा मिनिटे धुवायची.